बाकीचा ताळा

पूर्वी शाळेत मोठा गुणाकार झाला, की नऊचा ताळा करून पाहत. समजा २३७ × ४६ = १०,९०२ असे उत्तर आले. २३७ च्या अंकांची बेरीज १२, पुन्हा बेरीज केली की ३. ४६ ची बेरीज १०, म्हणजे १. तीन एके तीन. उत्तराच्या अंकांची बेरीजही १२, म्हणजे ३. ताळा जुळला. अंकांची ही बेरीज म्हणजे संख्येला नऊने भागल्यावर उरणारी बाकीच असते. पण घाईत कुणी १०,९२० लिहिले, तरी हा ताळा जुळतोच. ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. जुळला तर ते बरोबर असेलच असे नाही. बाक्यांची उदाहरणे सोडवताना हा फरक पक्का ध्यानात हवा.

युक्लिडच्या रीतीने २५२ आणि १९८ यांचा मसावि काढू. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे, मग त्या भाजकाला बाकीने भागायचे आणि बाकी शून्य होईपर्यंत हेच करत राहायचे.

२५२ = १ × १९८ + ५४
१९८ = ३ × ५४ + ३६
५४ = १ × ३६ + १८
३६ = २ × १८ + ०

शेवटची शून्य नसलेली बाकी १८, तोच मसावि. प्रत्येक ओळीत बाकी भाजकापेक्षा लहान आहे ना, हे आधी पाहावे. १९८ = २ × ५४ + ९० ही बरोबरी खरी असली, तरी ९० ही बाकी नव्हे, कारण त्यात ५४ अजून एकदा बसतात.

आता उत्तराचा ताळा. बहुतेक मुले १८ ने दोन्ही संख्यांना भाग जातो एवढेच पाहतात. पण भाग तर ६ नेही जातो आणि ९ नेही. १८ हाच सर्वांत मोठा विभाजक कशावरून? त्यासाठी पायऱ्या उलट चढायच्या. १८ म्हणजे ५४ − ३६. त्यातल्या ३६ च्या जागी १९८ − ३ × ५४ लिहिले, की १८ = ४ × ५४ − १९८. मग ५४ च्या जागी २५२ − १९८ लिहिले, की १८ = ४ × २५२ − ५ × १९८. पडताळून पाहा: १००८ − ९९० = १८. आता दोन्ही संख्यांना ज्याने भाग जातो, त्याने उजव्या बाजूला, म्हणजेच १८ लाही भाग गेलाच पाहिजे. मग तो विभाजक १८ पेक्षा मोठा कसा असेल? हा ताळा पुरा झाला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ज्याला कुट्टक म्हटले आहे, तो याच परस्पर भागाकारावर उभा आहे.

दुसरा प्रश्न समशेषतेचा: ६x ≡ ४ (mod १०). हे तीन रेघांचे चिन्ह गाउसने १८०१ च्या ग्रंथात रूढ केले. अर्थ असा, की ६x ला १० ने भागल्यावर बाकी ४ उरावी. पुष्कळ जण दोन्ही बाजूंना २ ने भागून ३x ≡ २ (mod १०) लिहितात आणि x = ४ एवढेच उत्तर देतात. ४ घालून पाहिले तर २४, बाकी ४. ताळा जुळतो आणि चूक लपून राहते.

इथे लहान संख्या एकेक करून घालून पाहाव्यात. दहाने भागल्यावरची बाकी म्हणजे शेवटचा अंक. x ला ० ते ९ किमती दिल्या, तर ६x चे शेवटचे अंक येतात ०, ६, २, ८, ४, ०, ६, २, ८, ४. चार दोनदा येतो, x = ४ आणि x = ९ ला. नऊ सटकला, कारण २ ने भागताना १० लाही भागायला हवे होते: ३x ≡ २ (mod ५). पुढच्या संख्या तपासण्याची गरज नाही. x दहाने वाढला की ६x साठने वाढतो आणि शेवटचा अंक तोच राहतो. म्हणून दहाही किमती तपासल्या, तर तो पुरावा ठरतो. त्यांतल्या तीनचारच तपासल्या, तर तो फक्त अंदाज.

पण mod २५२ असेल तर २५२ किमती कोण घालून पाहणार? तिथे मसावि कामाला येतो. १९८x ≡ ३६ (mod २५२) घ्या. मसावि १८, आणि ३६ ला १८ ने भाग जातो, म्हणून ० ते २५१ मध्ये बरोबर १८ उत्तरे असणार. भाग गेला नसता, तर एकही नसते. x = ४ घालून पाहा: ७९२ − ७५६ = ३६. बाकीची उत्तरे २५२ ÷ १८, म्हणजे १४ च्या अंतराने येतात: ४, १८, ३२ आणि असेच पुढे २४२ पर्यंत. मोजा, अठरा भरतात.

तेव्हा उत्तर घालून पाहिल्यावर लगेच थांबू नका. उत्तरे किती असायला हवीत हे मसाविला विचारा आणि तेवढी हाती आली, तरच वही मिटा.