स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ : बसवण्याआधी बोर्ड बघा

थंडी पडली की गटाच्या बैठकीत हा विषय निघतोच. पहाटेची खरकटी भांडी, तेलकट कढया आणि टाकीतलं बर्फासारखं पाणी. आता आठवडी बाजारातसुद्धा लगेच गरम पाणी देणारा प्लास्टिकचा नळ मिळू लागला आहे. दुकानदार सांगतो, जुना नळ काढा, हा लावा, पिन खोचा, झालं. नळ लावणं खरंच तेवढंच सोपं आहे. अवघड काम भिंतीतल्या वायरीचं आहे, आणि ते दुकानदार सांगत नाही. म्हणून आज आम्ही नळापेक्षा वायरीबद्दलच जास्त बोलणार आहोत.

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. स्वयंपाकघरासाठी दोन प्रकार मिळतात. पहिला इन्स्टंट नळ. त्याच्या पोटातच कॉइल असते आणि पाणी वाहताना गरम होतं. दुसरा सिंकखाली बसणारा छोटा गीझर. त्यात सहा किंवा दहा लिटर पाणी साठतं, गरम होतं आणि मग नळाला येतं. इन्स्टंट नळ साधारण ३००० वॅटचा असतो. छोटा गीझर २००० वॅटचाही मिळतो. वॅटच्या आकड्याला २३० ने भागलं की किती अँपिअर करंट ओढला जाईल ते कळतं. ३००० वॅटला १३ अँपिअर, २००० वॅटला जवळजवळ ९. आणि ओट्याजवळ मोबाइल चार्ज करायला किंवा मिक्सर लावायला जो छोट्या पिनचा प्लग असतो, तो फक्त ६ अँपिअरचा. म्हणजे या दोन्हींपैकी काहीही त्या प्लगवर चालवायचं नाही. मोठी पिन छोट्या भोकात बसवणारा कन्व्हर्जन प्लग मिळतो, पण त्याने पिन बसते, आतली वायर काही जाड होत नाही. प्लग तपकिरी पडला, जळकट वास आला किंवा हाताला गरम लागला, तर वायर तापते आहे असं समजायचं आणि वापर तिथेच थांबवायचा.

आता आमच्याकडच्या एका गटाचीच गोष्ट सांगतो. या ताई पोळी-भाजी केंद्र चालवतात. सकाळी चाळीस-पन्नास डबे जातात आणि दुपारी भांड्यांचा ढीग पडतो. त्यांनी ३००० वॅटचा नळ आणून बसवला. आठवडाभर सगळ्या खूश. मग एक ताई म्हणाल्या, नळाखाली हात धरला की मुंग्या येतात. दुसरीने हात धरला तर तिला काहीच नाही. चेष्टा झाली, म्हणे तुलाच कशा येतात! पण नीट बघितल्यावर फरक कळला. मुंग्या येणारी ताई ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून भांडी घासायची, दुसरीच्या पायात रबरी चप्पल होती. करंट दोघींच्याही हाताशी होता. एकीच्या अंगातून त्याला जमिनीत जायला वाट मिळत होती, दुसरीच्या चपलेने ती अडवली होती. मैत्रिणींनो, मुंग्या येणं म्हणजे लहानसा शॉकच आहे. तो 'थोडासा'च राहील याची काही खात्री नाही. अशा वेळी नळाला किंवा पाण्याला हात न लावता कोरड्या हाताने मेन स्विच बंद करायचा आणि वायरमनला बोलवायचं.

वायरमनदादांनी प्लग उघडला. तीन भोकांचा प्लग होता, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. म्हणजे अर्थिंग फक्त दिसायला. असे प्लग गावोगाव आहेत. काही ठिकाणी त्याहून वाईट असतं. अर्थिंगच्या भोकाला न्यूट्रलचीच तार जोडून दिलेली असते. रोज सगळं चालतं, काही कळत नाही. पण ज्या दिवशी न्यूट्रलची तार कुठे तुटते किंवा सैल होते, त्या दिवशी यंत्राच्या लोखंडी भागातच करंट येतो. म्हणून वायरमनला स्पष्ट विचारा, की ही हिरवी वायर कुठे जाते? ती घराबाहेर जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या पट्टीपर्यंत किंवा रॉडपर्यंत गेली पाहिजे. 'जोडली आहे' एवढं उत्तर पुरेसं नाही, ते टोक आपल्या डोळ्यांनी बघा.

आता एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. घरात एमसीबी बसवली आहे, मग शॉक कसा बसेल? याचं उत्तर नीट ऐका, कारण आजच्या बोलण्यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. एमसीबीचं काम वायर वाचवण्याचं आहे. १६ अँपिअरची एमसीबी त्याहून बराच जास्त करंट गेला तरच पडते. समजा कॉइल फुटून करंट गीझरच्या पत्र्यात आला आणि आपल्या अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. उन्हाळ्यात खड्ड्यातली माती वाळली की रोध वाढतोच. तर २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरच करंट जमिनीत जाईल. एमसीबीला वाटेल, कुणीतरी इस्त्री लावली आहे. ती पडणारच नाही आणि पत्रा जिवंत राहील. माणसाच्या जिवाला धोका व्हायला मात्र अँपिअरचा अगदी छोटा हिस्सा पुरतो.

इथे दुसरं एक बटण लागतं, आरसीसीबी. दिसायला एमसीबीसारखीच, पण हिच्यावर 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. जेवढा करंट यंत्राकडे गेला तेवढाच परत आला का, हा हिशोब ती सतत करत असते, अगदी आपल्या गटाच्या खजिनदार ताईंसारखा. ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत ती लाइन तोडते. विकत घेताना ३० मिलिअँपिअरचीच मागा. १०० किंवा ३०० ची पण मिळते, ती माणसाला शॉकपासून वाचवायला पुरत नाही. आणि आरसीसीबी असली तरी अर्थिंग हवंच. अर्थिंग असेल तर यंत्र बिघडताच लाइन तुटते. नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत ती वाट बघते.

त्या केंद्रात मग काय केलं? मेन बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत चार स्क्वेअर एमएम तांब्याची वेगळी वायर ओढली, तिच्यावर दुसरं काहीच नाही. बोर्डात १६ अँपिअरची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, भिंतीवर १६ अँपिअरचा पॉवर प्लग. स्विच डीपी घेतला, म्हणजे बंद केल्यावर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असते, तेव्हा साधा स्विच बंद केला तरी यंत्रात करंट राहतो. प्लग सिंकखाली न घेता ओट्याच्या वर, पाणी उडणार नाही अशा बाजूला घेतला. बाहेर अर्थिंगचा नवीन खड्डा केला आणि मीटर लावून रोध मोजून घेतला. मग तोच जुना नळ लावून चालू केला, तर आरसीसीबी लगेच पडली! नळ आतून गळत होता, पाण्याने नव्हे, करंटने. तो दुकानात परत गेला.

त्याच्या जागी ताईंनी सहा लिटरचा २००० वॅटचा गीझर घेतला. आम्हालाही तो गावासाठी बरा वाटतो. कारण सांगतो. इन्स्टंट नळ मिनिटाला दोन लिटर पाणी सोडत असेल तर ३००० वॅटमध्ये ते सुमारे २१ अंशांनी गरम होतं. पंचवीसचं पाणी शेहेचाळीसला येतं. पण गावात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं की तोच नळ १८०० वॅटच्या आसपासच काम करतो आणि पाणी जेमतेम अडतीसला पोचतं, नुसतं कोमट. साठवणाऱ्या गीझरला कमी व्होल्टेजमध्ये वेळ जास्त लागतो, पण पाणी हवं तेवढं तापतं. पूर्ण व्होल्टेज असेल तर सहा लिटर पाणी पंचवीसवरून साठ अंशांवर यायला सात-आठ मिनिटं आणि पाव युनिट वीज लागते. घ्यायच्या आधी वीजबिलावर 'मंजूर भार' किती आहे तेही बघा. तो अर्धा किंवा एक किलोवॅट असेल तर आधी भार वाढवून घ्यावा लागेल.

गीझर घेताना दुकानात दोन गोष्टी बघायच्या. एक, आयएसआय चिन्ह. साठवणाऱ्या गीझरवर आयएस २०८२ आणि इन्स्टंटवर आयएस ८९७८ हा क्रमांक असतो. दुसरी, पाइप कुठे निघतात. भिंतीवर उंच लावायच्या गीझरचे पाइप खालून असतात, सिंकखालच्याचे वरून. काही जण उंचावरचा गीझर उलटा करून सिंकखाली ठेवतात. तसं केलं की टाकीत हवा अडकते, कॉइल पाण्याबाहेर राहते आणि जळते.

बसवताना थंड पाण्याच्या, म्हणजे निळ्या खुणेच्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह येतो. पाणी तापताना फुगतं, म्हणून त्यातून थेंब-थेंब पाणी पडतं. बऱ्याच घरी गळतंय म्हणून तिथे बूच मारलेलं आम्ही पाहिलं आहे. ते कधीही मारू नका, टाकीतला दाब बाहेर जायची ती वाट आहे. त्याला छोटी नळी जोडून मोरीत सोडा. पहिल्यांदा चालू करताना गरम नळ उघडून ठेवायचा. फुर्र-फुर्र हवा थांबून पाण्याची एकसारखी धार आली की मगच बटण दाबायचं.

तापमानाचं चाक असेल तर पन्नासच्या आसपास ठेवा. भांड्यांना तेवढं पुरतं. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि घरात लहान मूल असेल तर ते नळाशी जाणारच. हे पाणी पिण्याला किंवा बाळाच्या दुधाला वापरू नका. गरम असलं तरी ते उकळलेलं नसतं.

राहिली देखभाल. बोअरचं पाणी जड असेल तर कॉइलवर पांढरा थर बसतो. पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागायला लागला, आतून चुळचुळ आवाज यायला लागला, की थर धरला म्हणायचा. वर्षातून एकदा, बोअरचं पाणी असेल तर दिवाळीआधी, मेकॅनिककडून टाकी उघडून साफ करून घ्या आणि आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदला. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. केंद्रातल्या ताईंनी त्यासाठी बचतीच्या बैठकीचा दिवस ठरवला आहे. बटण दाबल्यावर लाइट गेली पाहिजे. नाही गेली, तर नवीन बसेपर्यंत गीझर बंद.