‘बॅटरी मस्त’ म्हणजे नेमकी किती?

जुन्या ब्लूटूथ स्पीकरच्या जाहिराती चाळल्या की त्याच त्या तीन ओळी दिसतात: ‘कंडिशन एकदम नवी, बॅटरी मस्त, चार्जरसकट.’ यातल्या पहिल्या दोन दाव्यांचा काहीच पडताळा नसतो आणि तिसरा पुष्कळदा खोटा असतो. विकणाऱ्याची लबाडी दर वेळी असतेच असं नाही. स्पीकरची बॅटरी किती उरली आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. काही मोबाइल बॅटरीची टक्केवारी निदान सेटिंगमध्ये दाखवतात. स्पीकरवर फक्त एक छोटी दिव्यांची पट्टी असते, आणि थकलेली बॅटरीही पूर्ण चार्ज झाली की ती पट्टी पूर्णच उजळते.

आपल्याकडे बराच खपलेला जेबीएल फ्लिप ५ घ्या. त्यात ४८०० एमएएच क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी आहे आणि कंपनी ‘१२ तासांपर्यंत’ वाजण्याचं सांगते. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. आवाज चढवला की तास झपाट्याने कमी होतात, म्हणून किती आवाजावर मोजले हे न सांगता दिलेल्या तासांना अर्थ नाही. मोजण्याची साधी रीत अशी: स्पीकर पूर्ण चार्ज करायचा, फोनचा आवाज निम्म्यावर ठेवायचा, गाण्यांची एकच यादी फिरवत ठेवायची आणि स्पीकर आपोआप बंद होईपर्यंतचा वेळ टिपायचा. आलेला आकडा आवाजाच्या पातळीसकट जाहिरातीत लिहायचा.

दुसरी रीत थोडी अधिक नेमकी आहे. चार्जर आणि केबल यांच्यामध्ये लावायचा यूएसबी मीटर काहीशे रुपयांना मिळतो. रिकामा झालेला स्पीकर बंद ठेवूनच पूर्ण चार्ज केला, तर आत किती भरलं ते तो दाखवतो. इथे भलेभले गोंधळतात. नव्या फ्लिप ५ लाही मीटरवर ४८०० दिसणार नाहीत, कारण बॅटरीचा आकडा ३.६ व्होल्टवरचा असतो आणि मीटर ५ व्होल्टवर मोजतो. ४८०० ला ३.६ ने गुणून ५ ने भागलं की साधारण ३४५० येतात. चार्जिंगमध्ये उष्णतेपायी जाणारा भाग त्यात मिळवला, की नव्या बॅटरीसाठी ४००० च्या आसपासचा आकडा अपेक्षित धरता येतो. समजा मीटरने २९०० दाखवले, तर बॅटरी ७० टक्क्यांच्या आगेमागे उरली आहे. ‘आगेमागे’ असंच लिहावं. घरगुती मोजणीला दशांशाचा थाट शोभत नाही.

मागची बाजू फुगलेली किंवा सांधे उकललेले दिसले, तर मोजणीच्या फंदात न पडता तो स्पीकर चार्जिंगला लावणं थांबवावं आणि विकूही नये.

बाहेरच्या ओरखड्यांचे फोटो सगळेच देतात. फ्लिपचा खरा नाजूक भाग त्याच्या दोन्ही टोकांना असतो: बासच्या तालावर थरथरणारे गोल पडदे. स्पीकर टोकावर आपटला की त्यांना इजा होते आणि ढोल किंवा बास गिटार वाजताना फरफर ऐकू येते. अशा गाण्याचा मोठ्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो. चार्जिंगची केबल हलवल्यावर दिवा विझतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं. ‘वॉटरप्रूफ’ लिहितानाही जपून. आयपीएक्स७ ही खूण नव्या स्पीकरची. पडलेल्या, जुन्या झालेल्या स्पीकरचे रबरी सील तसेच असतील याची हमी विकणारा देऊ शकत नाही.

आता सोबतच्या वस्तू. फ्लिप ५ च्या खोक्यात यूएसबी-सी केबल येते, भिंतीत लावायचा चार्जर नाही. म्हणजे घरातला कुठलासा चार्जर देऊन त्याला ‘ओरिजिनल’ म्हणणं चुकीचंच. जे नाही तेही सांगावं: या मॉडेलला ऑक्सची जागा नाही आणि माइकही नाही. फ्लिप ४ ला दोन्ही होतं, त्यामुळे घेणारा ते गृहीत धरतो आणि घरी जाऊन भांडायला फोन करतो.

सगळं धरून जाहिरात अशी होईल: ‘जेबीएल फ्लिप ५, निळा. २०२० ची खरेदी, बिल आहे, वॉरंटी संपली. निम्म्या आवाजावर मोजून ७ तास ४० मिनिटं चालतो. मीटरवर २९००, नव्याला साधारण ४००० अपेक्षित. एकदा फरशीवर पडला, डाव्या टोकाला खरवड, फोटो ३ पाहा. बासमध्ये फरफर नाही, व्हिडिओ जोडलाय. पाण्यात घालून तपासलेला नाही. सोबत मूळ केशरी केबल. चार्जर, खोकं नाही. ऑक्स, माइक या मॉडेलला नसतात.’

बिलाच्या फोटोतलं नाव, पत्ता आणि फोन नंबर झाकावा. चाचणीनंतर स्पीकर रिकामा ठेवून कपाटात टाकू नये. गिऱ्हाईक मिळायला महिना लागला तर तोवर बॅटरी आणखी उतरते आणि कधी कधी चार्जच घेत नाही. निम्म्याच्या वर चार्ज करून ठेवलेला स्पीकर गिऱ्हाइकासमोर लगेच वाजवता येतो. त्याआधी घरातल्या सगळ्या फोनमधून त्याची जोडणी काढून टाकलेली बरी, नाहीतर ऐन दाखवण्याच्या वेळी आतल्या खोलीतल्या मुलाचं रील त्यावर सुरू होतं.