आभार मानले, सभा संपली?

ऑगस्ट-सप्टेंबर हे महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचे दिवस. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि सहकार कायद्याच्या कलम 75 प्रमाणे त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे या दोन महिन्यांतल्या रविवारी कुठे सोसायटीच्या गच्चीवर, कुठे शाळेच्या हॉलमध्ये, कुठे मंगल कार्यालयात सतरंज्या आणि खुर्च्या मांडलेल्या दिसतात. अहवाल वाचला जातो, ताळेबंदावर खडाजंगी होते, लेखापरीक्षक नेमला जातो, आयत्या वेळचे विषय येतात. मग सेक्रेटरी माईक हातात घेतात आणि मागच्या रांगेतले लोक चपला शोधायला लागतात.

या शेवटच्या चार मिनिटांकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. कायद्यात आभार प्रदर्शनाचा विषय सक्तीचा नाही. हिशेब, लेखापरीक्षण अहवाल, लेखापरीक्षकाची नेमणूक यांसारख्या गोष्टी सभेपुढे ठेवाव्याच लागतात. आभार मानले नाहीत म्हणून मात्र एकही ठराव रद्द होत नाही. तरीही प्रत्यक्षात आभार म्हणजे सभा संपल्याची खूण मानली जाते, आणि तिथेच घोटाळा होतो.

घोटाळा कसा, ते जरा जवळून पाहू. समजा, 64 सदनिकांची एक गृहनिर्माण सोसायटी आहे. सभा रविवारी सकाळी 10 वाजता. आदर्श उपविधींप्रमाणे गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. म्हणजे इथे 20 जण पुरेत. दहाला 14 जण हजर, म्हणून सभा अर्धा तास तहकूब. साडेदहाला 27 जण जमतात आणि काम सुरू होते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघतो. खर्च मोठा आहे आणि तीनच कोटेशन मागवली आहेत. एक सभासद विचारतो, सर्वांत कमी रकमेचे कोटेशन का नाकारले? अध्यक्ष सांगतात, त्या ठेकेदाराने हमीचा कालावधी लिहून दिला नव्हता. हात वर होतात: बाजूने 24, विरुद्ध 3. ठराव मंजूर.

आता सेक्रेटरी उभे राहतात. घाईत त्यांच्या तोंडून निघते, ‘गच्चीच्या कामाला सर्वांनी एकमताने मंजुरी दिल्याबद्दल सर्वांचे मनःपूर्वक आभार.’ वाक्य सभ्य आहे आणि चुकीचेही. तिघांनी विरोध केला होता. इतिवृत्त लिहिताना सेक्रेटरींच्या डोक्यात आपलेच भाषण घोळत असते आणि ‘एकमताने’ हा शब्द ठरावात जाऊन बसतो. उद्या ठेकेदाराने काम अर्धवट सोडले आणि प्रकरण उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात गेले, तर विरोध नोंदवलेल्या तिघांना आपण विरोध केल्याचे सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून जाणकार सेक्रेटरी आभारात ठरावाचा उल्लेखच करत नाहीत. करायचा झाला तर म्हणतात, ‘ज्यांनी बाजूने मत दिले त्यांचे आणि ज्यांनी शंका काढल्या त्यांचेही आभार.’

दुसरी चूक याहून अवघड. आभार मानता मानता सेक्रेटरी जोशात येतात आणि सांगतात, ‘पुढच्या महिन्यात लिफ्टचा देखभाल करारही बदलून टाकू.’ हा विषय कार्यसूचीत नव्हता, चर्चा झाली नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. अशा घोषणेला ठरावाचे वजन नसते. तरीही सभासद ती वचन म्हणून लक्षात ठेवतात आणि पुढच्या सभेत त्याचाच जाब विचारतात. सभेत अध्यक्षांनी खरोखर दिलेली आश्वासने आभारात पुन्हा उच्चारायला हरकत नाही. नवे काही जोडायला हरकत आहे.

तिसरा प्रकार चूक म्हणण्यापेक्षा चलाखीचा. गाळप, ऊसदर, कर्जवाटप, दुधाचा भाव असे पेटते विषय असलेल्या मोठ्या संस्थांच्या सभांमध्ये हे दृश्य पाहायला मिळते. मागून प्रश्न येत असतात, पुढून ‘मंजूर, मंजूर’चा गजर सुरू असतो आणि मंचावरून अचानक आभार मानून राष्ट्रगीत सुरू केले जाते. राष्ट्रगीतासाठी सगळे उभे राहतात, प्रश्न विचारणाराही. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी ‘सभा गुंडाळली’ असा मथळा येतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत अशा वेळेसाठी वेगळी वाट आहे: कार्यसूचीतले काम उरले असेल, तर हजर सभासदांनी ठरवलेल्या, पण 30 दिवसांच्या आतल्या तारखेपर्यंत सभा पुढे ढकलता येते. ज्या सभासदाचा विषय राहिला आहे, त्याने आभार सुरू होण्याआधीच हात वर करून ‘अमुक विषय बाकी आहे, तो इतिवृत्तात नोंदवा’ असे म्हणावे. राष्ट्रगीतानंतरची हरकत मंचापर्यंत पोचत नाही.

मग चांगले आभार कसे असतात? सेक्रेटरी सभा चालू असतानाच कागदाच्या चिठ्ठीवर नावे टिपत जातात. कुणी ठराव सुचवला, कुणी अनुमोदन दिले, कुणी हॉल दिला, चहापाण्याची जबाबदारी कुणी घेतली. क्रम साधारण ठरलेला असतो: आधी सभाध्यक्ष, मग पाहुणे किंवा सहकार खात्याचे अधिकारी आले असल्यास ते, मग लेखापरीक्षक, संचालक, सभासद आणि शेवटी कर्मचारी. आपल्या 64 सदनिकांच्या सोसायटीत ते असे होऊ शकते: ‘अध्यक्षांनी सगळ्यांना बोलू दिले, त्यांचे आभार. लेखापरीक्षकांनी काढलेले दोन आक्षेप आज वाचून दाखवले आहेत, त्यांचा दुरुस्ती अहवाल कमिटी वेळेत पाठवेल. रात्रपाळीच्या दोन वॉचमननी पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरले तेव्हा पंप चालू ठेवला, त्यांचे आभार मानायला मी विसरणार नाही.’ तीन वाक्ये, पण ऐकणाऱ्याला वर्ष कसे गेले ते कळते.

या बोलण्यावर सेक्रेटरीच्या पदाचाही परिणाम होतो. गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी निवडून आलेला सभासद असतो. तो शेजाऱ्यांचे आभार मानतो. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा किंवा पतसंस्थेचा सचिव पगारी असतो. तो ज्या संचालकांचे आभार मानतो, त्यांच्याच हाताखाली त्याला उद्या काम करायचे असते. म्हणून त्याच्या भाषणात ‘चेअरमन साहेबांच्या कुशल मार्गदर्शनाखाली’ हे शब्द तीनदा येतात आणि वसुली थकलेली असूनही त्यावर अक्षर निघत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सभासदांनी थकबाकीचे आकडे आभारात शोधू नयेत, अहवालाच्या पानावर शोधावेत.

इतिवृत्तात या सगळ्याची एकच ओळ उरते: ‘शेवटी सचिवांनी उपस्थितांचे आभार मानले व अध्यक्षांनी सभा संपल्याचे जाहीर केले.’ त्या ओळीच्या वरची पाने मात्र नीट वाचायची असतात. आदर्श उपविधींप्रमाणे कमिटीने सभेनंतर तीन महिन्यांच्या आत इतिवृत्ताचा मसुदा तयार करून सभासदांना द्यायचा असतो, आणि त्यावर लेखी हरकत घेण्याची मुभा सभासदाला असते. गच्चीच्या ठरावापुढे ‘24 विरुद्ध 3’ लिहिले आहे की ‘एकमताने’, हे तिथेच तपासा आणि चूक असेल तर लगेच लेखी कळवा.