मात्रा व सलाईनची गती : जुन्या प्रश्नपत्रिकांतील गणिते आणि आपल्या जिल्ह्यातील बालक

आपल्यापैकी अनेक वैद्यांच्या रुग्णालयांत व औषधालयांत काम करणारी मुले-मुली जी.एन.एम. अथवा डी. फार्म.चा अभ्यास करीत असतात. परीक्षा जवळ आली की ती मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन आपल्याकडे येतात. त्यांतील अडचण बहुधा गणिताच्या प्रश्नांची असते. हे प्रश्न वर्षानुवर्षे त्याच धाटणीचे येतात, केवळ आकडे बदलतात. त्यामुळे विद्यार्थी सूत्र पाठ करतो, उत्तर जुळवून पाहतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. आमच्या मते हा सराव अपुरा आहे. प्रत्येक प्रश्नाने काय गृहीत धरले आहे, हे विचारल्यावाचून त्याचे उत्तर पूर्ण झाले असे मानू नये. नंदुरबार जिल्ह्यात तर मुळीच नाही.

प्रथम औषधनिर्माणशास्त्राच्या पत्रिकेतील नेहमीचा प्रश्न घेऊ. प्रौढ मात्रा ५०० मि.ग्रॅ. असता ४ वर्षांच्या बालकाची मात्रा काढा. यंग यांच्या सूत्रानुसार वयाला वय अधिक १२ ने भागावे, म्हणजे ४ भागिले १६, अर्थात पाव भाग. उत्तर १२५ मि.ग्रॅ. डिलिंग यांच्या सूत्रात वयाला २० ने भागतात, त्यामुळे उत्तर १०० मि.ग्रॅ. येते. क्लार्क यांचे सूत्र मात्र वजनावर चालते. पौंडातील वजनाला १५० ने भागून प्रौढ मात्रेने गुणावे लागते. ४ वर्षांच्या सुपोषित बालकाचे वजन सुमारे १६ किलो, म्हणजे ३५.२ पौंड असते. त्यावरून उत्तर सुमारे ११७ मि.ग्रॅ. येते. तिन्ही उत्तरे जवळपास आहेत, म्हणून विद्यार्थी निश्चिंत होतो.

आता तेच गणित धडगाव किंवा मोलगी परिसरातील ४ वर्षांच्या, १० किलो वजनाच्या कुपोषित बालकासाठी करावे. यंग व डिलिंग यांची उत्तरे तसूभरही हलत नाहीत, कारण त्यांना वजन ठाऊकच नाही. क्लार्क यांच्या सूत्राने मात्र २२ भागिले १५०, म्हणजे सुमारे ७३ मि.ग्रॅ. येतात. वयाधिष्ठित सूत्र हे वयाच्या मानाने वाढलेले बालक गृहीत धरते, ही गोष्ट येथे उघड होते.

आपल्याला हा भेद नवा नाही. शार्ङ्गधर संहितेतही बालकाची मात्रा पहिल्या महिन्यास एक गुंजा, पुढे वर्षापर्यंत दरमहा एकेक गुंजा वाढवीत आणि त्यानंतर सोळाव्या वर्षापर्यंत दरवर्षी एकेक मासा अशी वयानुसार सांगितली आहे. तथापि मात्रा ठरविताना अग्नी, बल, व्याधी, कोष्ठ यांचाही विचार करावा, हा दंडक आपल्या शास्त्राने सोबतच घातला आहे. प्रश्नपत्रिका केवळ वय देते. बलाचा विचार आपण विद्यार्थ्याला शिकवायचा आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वरील ७३ मि.ग्रॅ. हे उत्तरही व्यवहारात औषध देण्यासाठी नव्हे. उदाहरणार्थ, पॅरासिटामॉल दर किलोस १५ मि.ग्रॅ. प्रमाणे १० किलोच्या बालकास १५० मि.ग्रॅ. होते, म्हणजे क्लार्क यांच्या उत्तराच्या दुप्पट. प्रौढ मात्रेवरून खाली येणारी ही सर्व सूत्रे परीक्षेपुरतीच ठेवावीत. बालकासमोर दर किलोचा हिशेब करावा.

दर किलोच्या प्रश्नात दुसरा सापळा असतो, तो बाटलीवरील लेबलाचा. जेंटामायसिन दर किलोस ७.५ मि.ग्रॅ. दिवसातून एकदा, वजन १० किलो, तर ७५ मि.ग्रॅ. लागतील. २ मि.लि.मध्ये ८० मि.ग्रॅ. असलेल्या बाटलीतून ७५ भागिले ४०, म्हणजे सुमारे १.९ मि.लि. घ्यावे लागेल. परंतु २ मि.लि.मध्ये २० मि.ग्रॅ. असलेली बालकांची बाटलीही बाजारात मिळते. तिच्यातून १.९ मि.लि. घेतल्यास बालकास जेमतेम १९ मि.ग्रॅ. मिळतील. येथे औषधालयाचा संबंध थेट येतो. एक बाटली संपली म्हणून दुसरी देताना मि.लि.चा आकडा तोच ठेवता येत नाही. म्हणून विद्यार्थ्याने उत्तर नेहमी आधी मि.ग्रॅ.मध्ये व मग मि.लि.मध्ये, असे दोन ओळींत लिहावे.

सलाईनच्या गतीचे प्रश्न परिचर्येच्या पत्रिकेत हमखास असतात. ५०० मि.लि. सलाईन ४ तासांत द्यावयाचे आहे, सेटमधून १ मि.लि.चे २० थेंब पडतात, तर मिनिटास थेंब किती? ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटे, उत्तर सुमारे ४२. दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, तासांची मिनिटे न करणे. तेव्हा उत्तर २५०० येते आणि तेवढे थेंब मोजणे कोणालाच शक्य नसल्याने चूक लगेच कळावयास हवी. दुसरी भाषेची. इंग्रजी प्रश्नातील ‘ओव्हर एट अवर्स’ म्हणजे आठ तासांत आणि ‘एट अवर्ली’ म्हणजे दर आठ तासांनी. मराठी माध्यमातून अथवा पावरी, भिली बोलणाऱ्या घरांतून आलेली मुले येथे अडखळतात, त्यांचे गणित मुळात बरे असते.

पडताळणीसाठी तासाचे मि.लि. काढावेत. येथे ते १२५ आहेत. २० थेंबांच्या सेटसाठी त्यास ३ ने, १५ थेंबांच्या सेटसाठी ४ ने भागावे. ६० थेंबांच्या मायक्रोड्रिप सेटसाठी भागावे लागत नाही, तासाचे मि.लि. तेच मिनिटाचे थेंब. सेट बदलला व थेंब तेच ठेवले, तर काय होते हेही विद्यार्थ्याकडून काढून घ्यावे. मायक्रोड्रिपवर ४२ थेंब ठेवल्यास तेच सलाईन सुमारे १२ तास चालेल. उलट मायक्रोड्रिपचे १२५ थेंब साध्या सेटवर लावल्यास ते १ तास २० मिनिटांत संपेल.

हा फरक कुठे जीवघेणा ठरतो, ते एका बालकावरून पाहू. वय २ वर्षे, वजन ७ किलो, अतिसार. तीव्र निर्जलीकरणाच्या नेहमीच्या योजनेत या वयास पहिल्या अर्ध्या तासात दर किलोस ३० मि.लि. देतात. २१० मि.लि. ३० मिनिटांत, म्हणजे साध्या सेटवर मिनिटास १४० थेंब. प्रश्नपत्रिकेत हे उत्तर बरोबर. परंतु बालक अतितीव्र कुपोषित असेल, तर शिरेवाटे द्रव केवळ शॉकमध्ये आणि तेही पहिल्या तासात दर किलोस १५ मि.लि. असा निर्देश आहे. तेव्हा १०५ मि.लि. ६० मिनिटांत, साध्या सेटवर ३५ थेंब व मायक्रोड्रिपवर १०५ थेंब. पहिली गती याच्या चौपट आहे. कुपोषित बालकाचे हृदय ती सोसत नाही.

शिवाय, अशा बालकाची कोरडी, सुरकुतलेली त्वचा व खोल गेलेले डोळे निर्जलीकरणाचा भास निर्माण करतात. म्हणून प्रश्नात केवळ ‘तीव्र निर्जलीकरण’ लिहिलेले असले, तरी विद्यार्थ्याने समासात पोषणस्थितीचा प्रश्न लिहावा, असा आमचा आग्रह असतो. द्रव चालू असताना दर ५ ते १० मिनिटांनी नाडी व श्वास मोजावेत. दोन्ही वाढू लागले, यकृत वाढलेले लागले अथवा मानेच्या शिरा फुगल्या, तर सलाईन तत्काळ थांबवावे. ब्युरेट सेट उपलब्ध असल्यास त्यात एका तासाचेच द्रव भरावे. थेंब मोजण्यात चूक झाली तरी ठरल्याहून अधिक द्रव बालकाच्या शरीरात जात नाही.