मणाचे चार तुकडे

इंदापूरहून आलेल्या एका पत्रानं मला आठ दिवस दुसरं काही सुचू दिलं नाही.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांच्या घरी पूर्वी गुळाची आडत होती. त्यांचे आजोबा एक कोडं घालायचे. आडत्याकडे मणाचा, म्हणजे चाळीस शेरांचा, एकच धोंडा होता. तो हमालाच्या हातून निसटला आणि त्याचे चार तुकडे झाले. आडत्यानं ते तोलून पाहिले आणि हसला, कारण त्या चार तुकड्यांनी त्याला एक शेरापासून मणापर्यंत कुठलंही पूर्ण शेरांचं वजन करता येऊ लागलं. तर तुकडे किती किती शेरांचे? उत्तर त्यांना पाठ आहे: 1, 3, 9 आणि 27. त्यांची अडचण वेगळी आहे. "तुम्ही मागच्या लेखात त्रिमान पद्धतीत 0, 1 आणि 2 असे तीन अंक सांगितलेत. नऊच्या जागी 2 आला की नऊ शेरांची दोन वजनं लागणार. आजोबांकडे तर प्रत्येक तुकडा एकच होता."

प्रश्न अगदी वर्मावर आहे. बावीस शेरांची ढेप घेऊ. 22 ला तीननं भागलं की भागाकार 7, बाकी 1. 7 ला भागलं की 2, बाकी 1. उरले 2. बाक्या उलट्या क्रमानं लिहिल्या की 211, म्हणजे दोन नऊ, एक तीन, एक एक. दुसरा नऊ आणायचा कुठून?

उत्तर पारड्यात आहे. दोन म्हणजे तीन वजा एक. म्हणून दोन नऊ म्हणजे एक सत्तावीस वजा एक नऊ. सत्तावीस, तीन आणि एक हे तुकडे एका पारड्यात ठेवायचे, आणि नऊचा तुकडा ढेपेच्या शेजारी. इकडे 31, तिकडे 22 अधिक 9, तेही 31. भागाकार करतानाच ही सोय करता येते: बाकी 2 आली की तिच्या जागी वजा एक लिहायचा आणि भागाकारात एक वाढवायचा. असं केलं की अंक उरतात तीनच: अधिक एक, शून्य आणि वजा एक. या लेखनाला मी समतोल त्रिमान म्हणतो. तुकडा समोरच्या पारड्यात, जमिनीवर, किंवा मालाच्या पारड्यात, एवढंच ते अंक सांगतात.

मालाच्या बाजूला वजन ठेवणं आपल्या बाजाराला नवं नाही. पाऊण किलो द्यायचं आहे आणि हाताशी अर्ध्या किलोचं वजन नाही, तर किलोचं वजन एकीकडे आणि पावकिलोचं मालाबरोबर ठेवणारे दुकानदार बारामतीच्या मंडईत मी लहानपणी रोज पाहिले आहेत. तेल ओतण्याआधी भांड्याचा धडा करतात, त्यातही युक्ती हीच: भांड्याचं वजन समोर खडा ठेवून खोडून काढायचं.

आता चाळीसच का, ते पाहा. प्रत्येक तुकड्याला तीन जागा, म्हणून चार तुकड्यांच्या मांडण्या 3 × 3 × 3 × 3, म्हणजे 81. वजा चाळीसपासून अधिक चाळीसपर्यंतच्या पूर्ण संख्याही शून्य धरून बरोबर 81. एकही मांडणी वाया जात नाही, एकही संख्या दोनदा येत नाही. पक्का मण नेमका चाळीस शेरांचा, आणि हे चार तुकडे नेमके चाळिसाला संपतात. हा योगायोगच, पण त्यामुळे हे कोडं आपल्याकडे मणाच्या धोंड्यावर किती चपखल बसलं! पिसाच्या लिओनार्दो फिबोनाचीनं 1202 मध्ये हीच चार वजनं आपल्या ग्रंथात दिली आहेत. भारतीय अंक युरोपात रुजवणारा ग्रंथ तोच.

इथवर आपल्याला ढेप बावीस शेरांची आहे हे ठाऊक होतं. ठाऊक नसेल तर? इथे बहुतेक जण चुकतात. मोठा तुकडा, म्हणजे 27, आधी ठेवतात. ढेप हलकी निघते आणि 27 बाजूला सारतात. तसं करू नये. 27 लागणार की नाही हे 27 सांगत नाही. ते बाकीचे तीन सांगतात. समोर 9, 3, 1 ठेवा, म्हणजे 13. ढेप खाली गेली, म्हणजे तेरापेक्षा जड, म्हणजे 27 लागणारच. आता समोर फक्त 27. ढेप वर जाते. तिच्या बाजूला 3 आणि 1 ठेवून पाहा: 26, अजून हलकीच. म्हणजे तूट चारापेक्षा जास्त आहे, तिथे 9 हवा. 3 आणि 1 काढून 9 ठेवला की ढेपेची बाजू जड झाली. समोर 1 वाढवला, तरी जड. म्हणजे 3 हवा. 1 च्या जागी 3 ठेवला, तरी थोडी जड; मग 1 ही ठेवला आणि काटा थांबला. प्रत्येक वेळी विचारायचं ते हेच: उरलेल्या लहान तुकड्यांनी भागतं का?

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं आहे, मग आजोबांच्या आडतीवर अशी वजनं का नव्हती? मला दोन कारणं दिसतात.

पहिलं गिऱ्हाइकाचं. शेतकऱ्याला समोरच्या पारड्यातली वजनं मोजून बेरीज करता येते. दोन्ही पारड्यांत लोखंड असलं की त्याला वजाबाकीही करावी लागते, तीही मापाड्याच्या वेगानं. चौदा शेरांना तर 27 समोर आणि बाकी तिन्ही तुकडे मालाबरोबर. चौदा शेर मालासाठी काट्यावर चोपन्न शेरांचा भार! काटा जड झाला की मंद होतो, थोड्या फरकाला हलत नाही.

दुसरं कारण झिजेचं. समजा 27 चा तुकडा आपटून शेरामागे अर्धा तोळा झिजला आणि लहान तुकडे चांगले राहिले. तो साडेतेरा तोळ्यांनी कमी भरेल, आणि ती सगळी तूट त्या चौदा शेरांत उतरेल. एकाच पारड्यात ठेवलेली चौदा शेरांची वजनं त्याच प्रमाणात झिजली असती तर तूट सात तोळे असती. वजनं झिजली सारखीच, पण घोळ जवळजवळ दुप्पट.

शिवाय ही झीज ओळखायची कशी? दोन अदशेऱ्या एका शेरासमोर ठेवल्या की जुन्या वजनांची परीक्षा होते. इथे 9, 3 आणि 1 मिळून तेराच भरतात, ते 27 ची परीक्षा घेऊ शकत नाहीत. पण मालाची मदत घेता येते. 9, 3, 1 समोर ठेवून तेरा शेर ज्वारी तोला. मग 1 च्या तुकड्यानं आणखी शेरभर तोला. ही चौदा शेर ज्वारी आणि ते तीन तुकडे एका पारड्यात ठेवा, समोर 27. लहान तुकडे खरे असतील आणि ज्वारीचं पारडं खाली गेलं, तर मोठा तुकडा झिजलेला आहे.

असाच 9 तपासायला चार शेर ज्वारी 3 आणि 1 नं तोलायची, वर शेरभर घालायची, आणि ती पाच शेर 3 व 1 बरोबर 9 समोर ठेवायची. 3 साठी दोन शेर ज्वारी पुरते. 1 चा तुकडा मात्र या चौघांपैकी कुणाकडूनच तपासता येत नाही. तो बाहेरच्या खऱ्या शेरासमोरच ठेवावा लागतो.