वीस तासांचा आठवडा

ब्रिटनमध्ये पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सहसा आठवड्याला 20 तासच काम करता येतं. मुलं चुकतात ती 'आठवडा' कशाला म्हणायचं यात. तो सोमवारी सुरू होतो आणि रविवारी मध्यरात्री संपतो. सगळ्या नोकऱ्यांचे तास एकत्र धरले जातात. एका आठवड्यात 24 आणि पुढच्यात 16, अशी सरासरी काढलेली चालत नाही.

समजा, लेस्टरला एमएस्सी करणारी मुलगी विद्यापीठाच्या ग्रंथालयात 8 तास आणि शनिवारी वृद्धांच्या केअर होममध्ये 12 तासांची शिफ्ट करते. झाले 20. रविवारी मॅनेजरचा फोन येतो, "कोणीतरी आजारी आहे, रात्री आठ ते सकाळी आठ येशील का?" या शिफ्टचे पहिले 4 तास याच आठवड्यात पडतात, म्हणजे नियम मोडला. उरलेले 8 पुढच्या आठवड्यात मोजले जातात. व्हिसा रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून दोन नोकऱ्या असतील तर तासांची वही स्वतः ठेवावी. एक मालक दुसऱ्याकडचे तास मोजत बसत नाही.

दोन्हींत मला विद्यापीठातलं काम जास्त सोयीचं वाटतं. ये-जा वाचते आणि परीक्षेच्या वेळा तिथल्या माणसांना सांगाव्या लागत नाहीत. केअर होममध्ये तास भरपूर मिळतात, पण 12 तास उभं राहून दुसऱ्या दिवशी वर्गात बसणं जड जातं.

सायकलवरून घरोघरी जेवण पोचवण्याच्या कामापासून मात्र लांब राहावं. ॲपवरच्या अशा कामात माणूस सहसा स्वयंरोजगारी धरला जातो आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार पूर्ण बंद आहे, मग तो तासभराचा का असेना. दुसऱ्याचं खातं भाड्यानं घेऊन हे काम करणं तर आणखी धोक्याचं. लेस्टरच्या खोलीत बसून पुण्यातल्या ग्राहकाला फ्रीलान्स डिझाइन करून देणंही याच बंदीत येतं.

आता पैशांचं. 21 वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी एप्रिल 2025 पासून किमान वेतन तासाला 12.21 पौंड ठरलं. त्या दरानं 20 तासांचे 244 पौंड, म्हणजे चार आठवड्यांचे सुमारे 977. लंडनबाहेर राहणाऱ्यानं व्हिसासाठी दाखवायची रक्कम नोव्हेंबर 2025 पासून महिन्याला 1,171 पौंड आहे. पूर्ण तास मिळूनही राहण्याखाण्याचा सगळा खर्च निघत नाही, फीचं तर नावच नको. कर्ज काढताना घरच्यांनी ही कमाई हप्त्यात धरू नये.

सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं. मात्र एमएस्सीच्या मुलांचा उन्हाळा प्रबंधात जातो आणि तो काळ सहसा सत्रातच मोजतात. जूनमध्ये पूर्णवेळ कामाला हो म्हणण्याआधी विद्यापीठाकडून सत्राच्या तारखांचं पत्र मागून घ्या.