गुरुजींना नाही म्हणताना

गावच्या देवस्थानाचे पुजारी घराच्या छपरासाठी 50,000 रुपये उचल मागतात. ट्रस्टची शिल्लक मात्र गाभाऱ्याची गळती काढण्यासाठी राखलेली असते. अशा वेळी ‘पुढे बघू’ म्हणणे सर्वांत वाईट. गुरुजी त्याच भरवशावर सुताराला इसार देऊन बसतात.

आधी एका विश्वस्ताने घरी जाऊन सांगावे, मग पत्र द्यावे: ‘गुरुजी, सादर नमस्कार. आपला अर्ज सभेत वाचला. शिल्लक रक्कम गाभाऱ्याच्या दुरुस्तीसाठी ठरावाने राखली आहे, त्यामुळे उचल देता येत नाही. आपले मानधन ठरल्या तारखेला मिळेल.’

धर्मादाय आयुक्तांचे नाव उगाच पुढे करू नये. अडचण पैशाची असेल तर तीच लिहावी; नाहीतर उद्या दुसऱ्याला उचल दिली की पत्र खोटे ठरते. विश्वस्तांना स्वतःच्या खिशातून मदत करायची असेल, तर ती पत्राबाहेर, वेगळी करावी.